कीबोर्ड बिघडलेला नाही: इनस्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्या ग्राहकांसाठी

‘वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते’, ‘रफार येतच नाही’, ‘मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं’. या तीन तक्रारी आमच्याकडे इतक्या वेळा येतात, की एकदा लिहूनच द्यावं असं ठरवलं. कीबोर्ड तपासून घ्या म्हणून तो उचलून आणणारेही आहेत. तपासून देतो, पण दोष बहुतेक वेळा बटणांत नसतो. तो बटणं दाबण्याच्या क्रमात असतो, आणि तिन्ही तक्रारींचं मूळ तेच आहे.

हातानं ‘कविता’ लिहिताना आपण क काढतो, मग वेलांटीची उभी रेघ आणि नंतर व. डोळ्यालाही वेलांटी व-च्या आधी दिसते. संगणकात मात्र अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. तोंडातून आधी व निघतो, मग इ. म्हणून इनस्क्रिप्टवर ‘कविता’चा क्रम क, व, वेलांटी, त, काना असा आहे. बटणांच्या भाषेत सांगायचं तर:

```
k b f l e
```

डोळ्याच्या क्रमानं गेलात, म्हणजे वेलांटी आधी दाबलीत, तर ती मागच्या क-ला चिकटते आणि ‘किवता’ होतं. संगणकाच्या मते यात काहीच चुकलेलं नसतं, त्यामुळे तो तक्रार करत नाही. वेलांटी शब्दाच्या अगदी सुरुवातीला दाबली तर तिला टेकायला अक्षरच नसतं, म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. खरं तर ते वर्तुळ दिसलं तर बरंच, चूक लगेच कळते. शब्दाच्या मधली चूक पान छापून झाल्यावर सापडते. पूर्वी टाइपरायटर शिकलेल्यांची ही सवय जास्त घट्ट असते, कारण त्या यंत्रावर पहिली वेलांटी खरोखरच आधी मारायची असे. त्यांची बोटं चुकत नाहीत, जुना नियम पाळत असतात.

दुसरी जागा रफाराची. ‘सूर्य’ लिहिताना रफार आपण सर्वांत शेवटी य-च्या डोक्यावर काढतो. तसाच टाइप केला की ‘सूयर्’ होतं. उच्चारात र् आधी आहे, म्हणून तो आधी. इनस्क्रिप्टवर अर्धी अक्षरं वेगळी शोधायची नसतात. पूर्ण अक्षर दाबायचं आणि लगेच पाय मोडायचा. पाय मोडायचं बटण D, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. त्या एका बटणाची जागा बदलली की शब्दच बदलतो:

```
कर्म    k j d c
क्रम    k d j c
```

बटणं तीच, पाय फक्त कुणाचा मोडला एवढाच फरक. पहिल्यात र-चा, दुसऱ्यात क-चा. ही जोडी आम्ही पहिल्याच दिवशी टाइप करून घेतो, आणि शिकणाऱ्यानं ती मोठ्यानं म्हणत टाइप करावी असा आमचा आग्रह असतो. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टबरोबर तयार रफार आणि तयार जोडाक्षरंही आहेत, पण ती आम्ही सुरुवातीला मुद्दाम दाखवत नाही. आधी नियम बोटांत बसू द्यावा, सोयी नंतर.

मराठीतला आणखी एक र इथं येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दासाठी J बरोबर शिफ्ट दाबायचं, बाकी सगळं सारखं:

```
दर्या    o j d / e
दऱ्या    o Shift+j d / e
```

आता फोनेटिकबद्दल. ‘मला इंग्रजी बटणं पाठ आहेत, मग सरळ फोनेटिक का शिकवत नाही?’ असं बरेचजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. फोनेटिकवर तुम्ही kavita लिहिता आणि ‘कविता’ मिळतं. उच्चाराचा क्रम आपोआप पाळला जातो, त्यामुळे वर सांगितलेली चूक तिथं जवळजवळ होतच नाही. आठवड्यातून चार ओळींचं पत्र लिहायचं असेल तर आम्ही स्वतःच फोनेटिक बसवून देतो आणि शिकवणी घ्यायला सांगत नाही. अडचण रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यांची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन्हींसाठी रोमनमध्ये आपण darya हेच लिहितो. हवा तो शब्द सुचवलेल्या यादीतून निवडावा लागतो. न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ यांचंही तसंच. म्हणजे डोळे सतत यादीवर. इनस्क्रिप्टवर एका बटणाला एकच अर्थ असतो, त्यामुळे काही काळानं पडद्याकडे न बघताही लिहिता येतं. शिवाय त्याची मांडणी वर्णमालेला धरून आहे: स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, K वर क आणि शिफ्टबरोबर ख, E वर काना आणि शिफ्टबरोबर आ. भारतीय मानक संस्थेच्या 1991 च्या मानकातही ती आहे, म्हणून दुसऱ्या संगणकावर बसलात तरी बटणं बदलत नाहीत.

शिकत असेपर्यंत एकाच संगणकावर दोन्ही मांडण्या चालू ठेवू नयेत, असं आम्ही सांगतो आणि त्यावरून थोडी बोलणीही खातो. कारण साधं आहे. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबले की मांडणी बदलते आणि ते चुकून दाबलं जातं. मग K दाबून क उमटतो, पण E दाबल्यावर काना येत नाही, आणि माणूस पुन्हा कीबोर्ड घेऊन आमच्याकडे येतो. म्हणून आम्ही इंग्रजी आणि इनस्क्रिप्ट एवढंच ठेवून देतो. हात बसल्यावर फोनेटिक हवंच असेल तर घाला, हरकत नाही.

चुकलेलं सुधारतानाही बराच वेळ जातो, कारण अख्खा शब्द खोडायची सवय असते. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एका वेळी एकच चिन्ह खातं. ‘सूयर्’च्या शेवटी तीनदा बॅकस्पेस दाबा: पाय, र आणि य जातील, ‘सू’ उरेल. मग र, पाय, य दाबा. ‘किवता’मध्ये कर्सर ‘कि’नंतर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा, वेलांटी जाईल आणि क राहील. उजव्या बाणानं व ओलांडा आणि F दाबा. डिलीटचं बटण मात्र वेगळं वागतं. कर्सर ‘कि’च्या आधी असेल तर ते वेलांटीसकट अख्खं अक्षर नेतं.

इनस्क्रिप्टचा छापील तक्ता आमच्याकडे मिळतो. तो पडद्याशेजारी लावावा. बटणांवर चिकटवायच्या पट्ट्याही ठेवतो, मागितल्या तर देतो, पण नजर खाली जाते म्हणून शिकणाऱ्याला आपणहून सुचवत नाही. शिकवणीच्या पहिल्या काही बैठका याच क्रमावर जातात. घरी शिकून अडलेल्यांसाठी एकट्या बैठकीचीही सोय आहे. येताना कीबोर्ड आणू नका, चुकलेल्या मजकुराची फाइल आणा. छापलेला कागद किंवा फोटो असेल तर कोणती बटणं कोणत्या क्रमानं दाबली गेली ते नेमकं तपासता येत नाही. फाइलमध्ये कर्सर फिरवून ते लगेच दाखवता येतं.