भाडे दरमहा भरले, तरी एचआरए का नाकारला जातो?

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत कंपनी घरभाड्याचे पुरावे मागते आणि दरवर्षी तेच घडते. भाडे खरोखर भरलेले, करार हातात, पावत्याही सह्या करून आणलेल्या, आणि तरीही पगार विभागाकडून ‘अमान्य’ असा शेरा येतो. पगार विभागात मी अशा फायली बरीच वर्षे तपासल्या आहेत. नाकारल्या गेलेल्यांतले बहुतेक लोक प्रामाणिक असतात. त्यांचे पैसे योग्य घरासाठी गेलेले असतात, पण कागदावर ते भलत्याच माणसाला गेलेले दिसतात.

आधी एक गोष्ट तपासा. एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची, करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे जुनी निवडल्याचे कंपनीला कळवले नसेल, तर कंपनीपुरते पुढचे सगळे कागद व्यर्थ आहेत.

आता मुख्य मुद्दा. तपासणारा माणूस तीन ठिकाणचे नाव जुळवतो: भाडेकरारावरचा घरमालक, त्याच्या पॅनवरचे नाव आणि तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये पैसे ज्याला गेले त्याचे नाव. तिन्ही एकच असतील तर फाइल दोन मिनिटांत पुढे जाते. घोळ होतो तो तिसऱ्या नावात. घरमालक म्हणतात, “माझ्याकडे यूपीआय नाही, मुलाच्या नंबरवर टाका,” आणि भाडेकरू वर्षभर तसेच टाकत राहतो.

२०२५-२६ चे एक उदाहरण घेऊ. पुण्यात राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मूळ पगार ४०,००० रुपये, एचआरए १६,००० आणि भाडे १८,००० आहे. सवलत तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढी मिळते. पहिली रक्कम प्रत्यक्ष मिळालेला एचआरए, म्हणजे १६,०००. दुसरी त्या वर्षी पुण्यासाठी असलेली मूळ पगाराच्या ४० टक्के, तीही १६,०००. तिसरी भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा करून उरणारी, म्हणजे १८,००० वजा ४,०००, म्हणजे १४,०००. म्हणून महिन्याला १४,००० आणि वर्षाला १,६८,००० रुपये करमुक्त व्हायला हवेत.

पण एप्रिल ते ऑगस्ट भाडे घरमालकांच्या पत्नीच्या खात्यात गेले होते, तर करार आणि पॅन दोन्ही घरमालकांचे. ते पाच महिने नाकारले गेले. सात महिन्यांचे ९८,००० मान्य झाले आणि ७०,००० करपात्र ठरले. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये चार टक्के सेस धरून हा १४,५६० रुपयांचा जादा कर. घरात तो बाराही महिने राहिला आणि भाडेही चुकवले नाही, तरी एवढा फटका बसला.

असे झाले असेल तर घरमालकांकडून सहीचे पत्र घ्या. अमुक घराचे अमुक महिन्यांचे भाडे माझ्या सांगण्यावरून माझ्या पत्नीच्या या खात्यात जमा झाले व ते मला मिळाले, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. खाते क्रमांक, महिने आणि रक्कम स्टेटमेंटशी तंतोतंत जुळली पाहिजे. काही कंपन्या हे पत्र स्वीकारतात, काही नाही. म्हणून पत्राच्या भरवशावर राहू नका, पुढच्याच महिन्यापासून करारातल्या नावाच्या खात्यात पैसे पाठवा. घर नवरा-बायको दोघांच्या मालकीचे असेल, तर करारात दोघांची नावे व हिस्सा लिहून घ्या आणि दोघांचे पॅन द्या.

एकत्र राहणाऱ्या मित्रांचेही असेच होते. एकजण पूर्ण भाडे भरतो आणि बाकीचे त्याला आपला वाटा पाठवतात. मग बाकीच्यांच्या स्टेटमेंटमध्ये घरमालक कुठेच दिसत नाही. करारात सगळ्यांची नावे घाला आणि प्रत्येकाने आपला वाटा थेट घरमालकाला पाठवा.

पुरावा म्हणून मोबाइलच्या पडद्याचे फोटो देऊ नका. त्यात बरेचदा टोपणनाव दिसते, तारीख कापली जाते. बँकेच्या साइटवरून पीडीएफ स्टेटमेंट काढा आणि भाड्याच्या नोंदी अधोरेखित करा. पैसे पाठवताना शेऱ्यात ‘जून भाडे’ असे दोन शब्द टाकायची सवय लावा. मे महिन्याचे भाडे ३ जूनला गेले असेल, तर तपासणाऱ्याला मे रिकामा आणि जूनमध्ये दोन नोंदी दिसतात. हा शेरा तो गोंधळ मिटवतो. अनामत रक्कम, सोसायटीचा देखभाल खर्च आणि वीजबिल हे भाडे नाही. हे भाड्यासोबत एकाच व्यवहारात पाठवले की किती रक्कम मोजायची यावर वाद होतो, म्हणून भाडे वेगळे पाठवा.

घरमालकाच्या पॅनची मर्यादा तर सर्रास चुकीची वाचली जाते. वर्षाचे एकूण भाडे एक लाखाच्या वर गेले की कंपनीला द्यायच्या फॉर्ममध्ये त्याचे नाव आणि पत्त्याबरोबर पॅनही द्यावा लागतो. म्हणजे महिन्याला साधारण ८,३३३ रुपयांच्या पुढे. लोक ‘एक लाख’ हा आकडा ऐकून आपल्याला लागू नाही असे समजतात आणि शेवटच्या आठवड्यात घरमालकाच्या मागे धावतात. काही घरमालक पॅन द्यायला कचरतात, कारण भाडे त्यांना उत्पन्नात दाखवावे लागते. त्यांच्याकडे पॅनच नसेल तर तसे घोषणापत्र नाव-पत्त्यासह चालते. पॅन आहे पण द्यायचा नाही, यावर मात्र उपाय नाही. म्हणून पॅन करारावर सही करतानाच मागा, किल्ली घेतल्यावर नाही. दिलेला क्रमांक एकदा पॅनकार्डाच्या प्रतीशी ताडून पाहा, एक अक्षर चुकले तरी अर्ज परत येतो.

महिन्याचे भाडे ५०,०००च्या वर असेल तर भाडेकरूनेच दोन टक्के टीडीएस कापून ठरलेल्या फॉर्ममधून भरायचा असतो. घरमालक अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत. तिथे रक्कम कितीही असो, आधी सीएला विचारा.

आई-वडिलांना भाडे देणाऱ्यांनो, हे चालते. पण घर त्यांच्या नावावर हवे, तुम्ही तिथे खरोखर राहायला हवे आणि पैसे खात्यातून जायला हवेत. आईला रोख भाडे दिल्याचे सांगणाऱ्या एका करदातीचा दावा मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये फेटाळला. बँकेतला एकही व्यवहार तिला दाखवता आला नव्हता. आणि ते भाडे आई-वडिलांनी आपल्या विवरणपत्रात दाखवायला विसरू नये.

मुदतीचे म्हणाल तर कंपनीने दिलेली तारीख ही फक्त कंपनीची असते, कायद्याची नव्हे. ती चुकली तर पगारातून जादा कर कापला जातो, पण हक्क संपत नाही. विवरणपत्र भरताना, मुदतीच्या आत, तुम्ही तीच सवलत स्वतः मागू शकता आणि जादा कापलेला कर परत मिळतो. तेव्हा कंपनीने दिलेल्या टीडीएस प्रमाणपत्रातला आकडा आणि तुमचा आकडा वेगळे दिसतील आणि आयकर खाते विचारणा करू शकते. त्या वेळी करार, पीडीएफ स्टेटमेंट आणि पॅनची प्रत एकाच फोल्डरमध्ये असू द्या. घर बदलले तरी तो फोल्डर पुसू नका, कारण नोटीस वर्ष-दीड वर्षाने येते आणि तोवर जुन्या घरमालकाचा फोन लागेलच असे नाही.