काटा कुठे थांबला: गोल्फ आणि टेनिसच्या गेममध्ये अचूकता कशी मोजली जाते

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या बऱ्याच घरांत टीव्हीला जोडायचा गेम आला, तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल होता. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीसारख्या ठिकाणी त्याच्या कॅसेट मिळायच्या. एकेका कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं असायचं, आणि त्या गर्दीत कुठेतरी गोल्फ आणि टेनिस हमखास सापडायचे. दोन्ही निन्टेन्डोचे आणि दोन्ही 1984चे. मारिओ सोडून ते लावायला मुलं फारशी तयार नसत. पण आज प्लेस्टेशनवर किंवा पीसीवर गोल्फ-टेनिस खेळताना हात जे करतो, त्याची मुळं या दोन गेममध्ये आहेत.

गोल्फचा प्रोग्रॅम हॅल लॅबोरेटरी या कंपनीतल्या सातोरू इवाता यांनी लिहिला होता. हेच इवाता पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढची अडचण साधी होती. खऱ्या गोल्फमध्ये खांदे, कंबर, मनगट असं सगळं शरीर फटक्यात उतरतं, आणि गेम खेळणाऱ्याच्या हातात असतात फक्त दोन बटणं. त्यावर स्क्रीनवरच्या एका पट्टीचा तोडगा निघाला. पहिल्यांदा बटण दाबलं की पट्टीवरचा काटा एका टोकाकडे निघतो. दुसऱ्यांदा दाबलं की ताकद ठरते. मग काटा उलटा फिरतो, आणि तो ठरलेल्या खुणेवर आला की तिसऱ्यांदा दाबायचं. हा तिसरा दाब म्हणजे बॉलला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, लागण्याचा क्षण. खुणेच्या अलीकडे दाबला तर बॉल एका बाजूला वळतो, पलीकडे दाबला तर दुसऱ्या. क्लबचा चेहरा किती अंशांनी तिरका लागला, ही जागेची चूक इथे वेळेची चूक झाली. माझ्या मते गोल्फ गेमच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे.

त्यामागचा हिशोब समजून घेण्यासाठी सोपे आकडे धरू. स्क्रीनवर सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, येतात. एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. समजा, खुणेपासून एका फ्रेमची चूक झाली तर गेम बॉल एक अंश वळवतो. तुम्ही तीन फ्रेम, म्हणजे 50 मिलिसेकंद, उशिरा दाबलंत. बॉल तीन अंश भरकटला. फटका 100 यार्डांचा असेल तर बॉल नेमापासून पाचेक यार्ड बाजूला पडेल, तेवढं चालून जातं. फटका 200 यार्डांचा असेल तर तीच चूक साडेदहा यार्डांची होते. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, 30 यार्ड रुंद धरला तर मधल्या रेषेपासून कडेपर्यंत 15 यार्ड असतात, म्हणजे बॉल अजून फेअरवेबाहेर गेलेला नाही. चूक पाच फ्रेमची झाली की तो साडेसतरा यार्ड बाजूला जातो आणि सरळ रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, पडतो. जोरात मारणं धोक्याचं, हे गेमला वेगळं सांगावंच लागत नाही. भूमितीच ते काम करते.

काटा येताना दिसतो, त्याचा वेग ठरलेला असतो, म्हणूनच हे खेळता येतं. अचानक दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे 15 फ्रेम. खूण दिसल्यावर बोट हलवणारा कायम हरणार. खेळाडू मुळात काट्याची लय पकडतो आणि तो खुणेवर पोचायच्या आधीच बोटाला निघायचा हुकूम देतो. पुण्यातल्या मुलांसाठी इथे आणखी एक भर होती. भारतातलं टीव्ही प्रसारण पाल पद्धतीचं, सेकंदाला 50 चित्रांचं. त्या पद्धतीच्या नकली मशीनवर जपानसाठी, 60 फ्रेमच्या हिशोबाने लिहिलेला गेम चालायचा तेव्हा सगळंच संथ व्हायचं. जपानमध्ये एका सेकंदात फिरणाऱ्या काट्याला इथे 1.2 सेकंद लागत. प्रत्येक फ्रेम 20 मिलिसेकंदांची झाल्यामुळे तोच फटका थोडा सोपा होई.

तीन दाबांची ही पद्धत फार टिकाऊ निघाली. 1997मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘मिन्ना नो गोल्फ’ने तीच पट्टी हसरी आणि रंगीत करून नव्या पिढीला दिली. 2000नंतर टायगर वूड्सच्या नावाच्या मालिकेने कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची काडी मागे ओढून पुढे ढकलण्याची पद्धत रुजवली. तिथे काडी सरळ रेषेतून किती ढळली यावर बॉलची दिशा ठरते, म्हणजे चूक पुन्हा जागेची झाली. हाताला हे जास्त खरं वाटतं, यात शंका नाही. पण अंगठा नेमका कुठे चुकला ते कळत नाही. पट्टीवर मात्र थांबलेला काटा डोळ्यांसमोर असतो. 2022च्या ‘पीजीए टूर 2के23’मध्ये तीन दाबांचा पर्याय परत आला, त्याचं कारण मला हेच वाटतं.

आजच्या घरातली तक्रार मात्र वेगळी आहे. कोथरूडला राहणारा माझा भाचा म्हणाला, “मामा, मी बरोबर खुणेवरच दाबतोय, तरी प्रत्येक बॉल उजवीकडेच जातो.” त्याने दहा-बारा फटके मारून दाखवले. सगळे बॉल उजवीकडे आणि जवळपास तेवढेच बाजूला पडले. हात कच्चा असेल तर बॉल दोन्हीकडे विखुरतात. ते एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर पडत असतील तर टीव्हीवर संशय घ्यावा. सपाट टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात कधी कधी 100 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घालवतात. म्हणजे सहा फ्रेम. वरच्या हिशोबात 200 यार्डांवर 21 यार्ड. तुम्हाला काटा खुणेवर दिसतो तेव्हा गेमच्या लेखी तो पुढे निघून गेलेला असतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावला तेव्हा भाच्याचे फटके मधल्या रेषेभोवती आले. जुन्या डबा टीव्हीवर हा प्रश्न जवळपास नव्हताच.

टेनिसचा रस्ता वेगळा होता, कारण तिथे बॉल तुमची वाट बघत नाही. 1984च्या टेनिसमध्ये पट्टीच नव्हती, काट्याचं काम येणारा बॉलच करायचा. बॉल कोणत्या बाजूला जाईल, हे बटण लवकर दाबलं की उशिरा यावर बरंचसं ठरायचं. खऱ्या कोर्टवरही बॉल शरीरापुढे घेतला तर तो आडवा जातो आणि उशीर झाला तर सरळ निसटतो, त्यामुळे हे पटणारं होतं. पण नेम धरण्याचं वेगळं साधन नसल्याने दिशा आणि अचूकता एकाच दाबात अडकून पडल्या.

1999मध्ये सेगाच्या ‘व्हर्चुआ टेनिस’ने ही गाठ सोडवली. दिशा काडीकडे गेली, आणि वेळेचा अर्थ बदलला. जागेवर लवकर पोचून बटण आधी दाबलं तर खेळाडू पवित्रा घेतो आणि फटका जोरदार बसतो. उशीर झाला तर बॉल मिळमिळीत परत जातो. तो क्वचितच कोर्टबाहेर जायचा, म्हणून आर्केडमध्ये नवखा माणूसही रॅली करू शके. सरावलेल्या खेळाडूला मात्र त्यात चुकण्याची भीती उरत नसे.

ती भीती ‘टॉप स्पिन’ मालिकेने परत आणली. 2024च्या ‘टॉपस्पिन 2के25’मध्ये वेळ दाखवणारं मीटर थेट खेळाडूजवळ दिसतं. बटण नुसतं टेकवलं तर नियंत्रणाचा फटका बसतो. दाबून धरलं तर जोराचा, आणि तो बटण सोडण्याच्या क्षणावर ठरतो. हिरव्या पट्ट्यात सोडलं तर बॉल नेमावर जातो, नाहीतर तो ढिला पडतो, नेटमध्ये अडकतो किंवा बाहेर जातो. जोराच्या फटक्याला चुकीची मुभा कमी असते. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघितलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: धावत कोपऱ्यात पोचलेला खेळाडू जोर काढत नाही, बॉल नुसता आत ठेवतो. गेममध्येही अशा वेळी टेकवणंच बरं, कारण धावताना नजर बॉलवर असते आणि मीटर बघायला सवड मिळत नाही.