झोपेचे टप्पे आणि जाग-झोपेची अदलाबदल

झोप ही एकसारखी अवस्था नाही. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मिळणारा मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख म्हणजे ईईजी, डोळ्यांच्या हालचाली आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण यांची नोंद एकत्र घेतात. मग ३०-३० सेकंदांचा तुकडा वाचून त्याचा टप्पा ठरवतात.

जागेपणी डोळे मिटून शांत पडले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. त्या विरल्या की पहिला टप्पा (एन१) सुरू होतो. यातून उठवलेला माणूस बहुधा ‘मी झोपलोच नव्हतो’ असे म्हणतो. दुसऱ्या टप्प्यात (एन२) निद्रा-स्पिंडल, म्हणजे अर्धा सेकंद किंवा अधिक टिकणारे जलद लहरींचे झुबके, आणि के-कॉम्प्लेक्स हे मोठे एकेकटे उंचवटे येतात. स्पिंडल मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागात निर्माण होतात. तिसऱ्या, गाढ टप्प्यात (एन३) ७५ मायक्रोव्होल्टहून उंच, संथ लहरी तुकड्याचा किमान २० टक्के भाग व्यापतात. रेम झोपेत मात्र ईईजी जवळपास जागेपणासारखा दिसतो, डोळे झरझर फिरतात आणि स्नायू ढिले पडलेले असतात. म्हणूनच नुसत्या ईईजीवर भागत नाही. हे चक्र साधारण ९० मिनिटांचे असते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त, तर रेम पहाटेकडे.

जाग आणि झोप यांतली अदलाबदल कुठे होते, याचा माग व्हिएन्नातील फोन इकोनोमो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातील मेंदूदाहाच्या साथीत काढला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेले रुग्ण सतत झोपत, पुढचा भाग बिघडलेल्यांना झोप येत नसे. पुढच्या भागातील व्हीएलपीओ नावाचा पेशीसमूह गाबा व गॅलॅनिन ही रसायने सोडून हिस्टामिन, नॉरअॅड्रेनलिन आणि सेरोटोनिनची जागृती-केंद्रे दाबतो. ती केंद्रेही उलट त्याला दाबतात. दोघे एकमेकांना दाबत असल्याने यंत्रणा दिव्याच्या बटणासारखी एका बाजूला पूर्ण कलते, मधे रेंगाळत नाही. जागेपणी मेंदूत साठणारे अॅडेनोसिन हे रसायन तिला झोपेकडे ढकलते. कॅफिन अॅडेनोसिनची ग्राहके अडवते, साठलेले अॅडेनोसिन काढून टाकत नाही. जुन्या अॅलर्जीच्या गोळ्यांनी येणारी गुंगी हिस्टामिन अडवल्यामुळे येते.

हे बटण जागेच्या बाजूला घट्ट धरून ठेवते ते १९९८ मध्ये सापडलेले ओरेक्झिन हे मेंदूतील रसायन. नार्कोलेप्सीच्या पहिल्या प्रकारात ते बनवणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट होतात. मग रुग्ण दिवसा वारंवार झोपेत घसरतो, आणि हसू आल्यावर जागेपणीच गुडघे ढिले पडतात, कारण रेममधली स्नायूंची शिथिलता चुकीच्या वेळी उतरते. तपासणीत दोन-दोन तासांच्या अंतराने डुलकीच्या पाच संधी देतात. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि रात्रीची नोंद धरून किमान दोनदा १५ मिनिटांत रेम आली, तर निदानाला आधार मिळतो. पण आधीचे काही दिवस झोप अपुरी झाली असेल किंवा रेम दाबणारे नैराश्यरोधक औषध नुकतेच बंद केले असेल, तर निरोगी माणसातही रेम लवकर येऊ शकते. म्हणून चाचणीआधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायला सांगतात, आणि औषध बंद करायचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, पुरेसे आधी.