वजन स्थिर ठेवणाऱ्या कॅलरी: सूत्राचा अंदाज आणि वहीचा हिशोब

दिवसाला किती कॅलरी खाल्ल्या तर वजन वाढणारही नाही आणि घटणारही नाही, या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवरचे ॲप क्षणात देते. वजन, उंची, वय आणि लिंग भरावे, हालचाल कमी की मध्यम ते निवडावे, की एककापर्यंत नेमका वाटणारा आकडा समोर येतो. त्या आकड्यात खरोखर मोजलेला भाग थोडा असतो आणि गृहीत धरलेला बराच. मात्र काही आठवडे आहाराची नोंद ठेवून आणि रोज वजन करून तोच आकडा स्वतःपुरता दुरुस्त करता येतो. ही दुरुस्ती करताना नेमके काय दुरुस्त होते, ते समजून घेण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमी भेटणारे उदाहरण घेऊ.

पुण्यात कार्यालयात बसून काम करणारी ४२ वर्षांची एक महिला आहे. तिची उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ६८ किलो आहे. बहुतेक ॲप ज्यावर चालतात ते सूत्र मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेत ४९८ निरोगी प्रौढांच्या मोजमापांवरून मांडले. किलोतल्या वजनाला १० ने गुणावे, सेंटीमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून ते त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी आणि शेवटी पुरुष असल्यास ५ मिळवावेत, स्त्री असल्यास १६१ वजा करावेत. या महिलेसाठी ६८० अधिक ९८७.५, त्यातून २१० आणि १६१ वजा केले की सुमारे १,२९७ कॅलरी उरतात. (आहाराच्या बोलण्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते, इथेही तोच रूढ अर्थ घेतला आहे.) श्वास, हृदय, मेंदू, यकृत आणि शरीराचे तापमान यांवर दिवसभर स्वस्थ पडून राहिले तरी होणारा हा खर्च आहे.

सूत्राचा हा पहिला भाग तसा भरवशाचा आहे. बऱ्याच लोकांच्या बाबतीत तो प्रत्यक्ष मोजमापापासून दहा टक्क्यांच्या आत राहतो, पण दहा टक्के म्हणजे आपल्या उदाहरणात १३० कॅलरी होतात. शिवाय ज्यांच्यावरून सूत्र बसवले ते लोक अमेरिकेतले होते. त्या काळात प्रचलित असलेली जागतिक आरोग्य संघटनेची समीकरणे भारतीयांना लावताना आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, सुमारे पाच टक्के कपात केली होती, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी.

खरी ढोबळ बाब त्यापुढे येते. विश्रांतीतल्या खर्चाला हालचालीच्या गुणकाने गुणायचे असते. बैठ्या माणसाला १.२, हलका व्यायाम करणाऱ्याला १.३७५, मध्यम व्यायाम करणाऱ्याला १.५५. आपली महिला आठवड्यातून तीन-चार दिवस संध्याकाळी अर्धा तास चालते. ती स्वतःला ‘हलका व्यायाम’ या गटात घालते आणि तिला १,७८३ हा आकडा मिळतो. पण उरलेले तेवीस-साडेतेवीस तास पाहिले तर ‘बैठी’ हेही उत्तर चुकीचे ठरत नाही, आणि तसे निवडले तर आकडा १,५५६ वर येतो. एका शब्दाच्या निवडीने २२७ कॅलरी इकडच्या तिकडे होतात, म्हणजे हा आकडा एककापर्यंत लिहिण्यात फारसा अर्थ नाही.

आता वहीकडे वळू. ही महिला आहारात मुद्दाम काहीही बदल न करता पाच आठवडे रोजचे खाणे लिहून ठेवते आणि रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करते. एकेका दिवसाच्या वजनाला इथे किंमत नाही. लग्नाचे जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलो जास्त दाखवतो, तेव्हा ती चरबी नसते. एक किलो शारीरिक चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात, आणि तेवढे एका पंगतीत कोणी जेवत नाही. ते जादा वजन म्हणजे मिठाने धरून ठेवलेले पाणी, आतड्यात असलेले अन्न आणि स्नायू व यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर असते, जी आपल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी बाळगते.

अशा चढउतारामुळे रोजचे वजन खऱ्या कलापासून साधारण अर्धा किलो इकडेतिकडे होते असे धरू. मग आठवड्याच्या अंतराने केलेल्या दोन वजनांवरून हिशोब केला तर उत्तरात दिवसाला सुमारे ७८० कॅलरींची अनिश्चितता राहते, म्हणजे ते उत्तर नसल्यातच जमा. त्याऐवजी पहिल्या आठवड्याच्या सात वजनांची सरासरी आणि पाचव्या आठवड्याच्या सात वजनांची सरासरी घेतली, तर हीच अनिश्चितता ७५ च्या आसपास येते, आणि पहिल्याची नवव्या आठवड्याशी तुलना केली तर ती ४० च्याही खाली जाते. पहिला आणि चौथा नव्हे, तर पहिला आणि पाचवा आठवडा निवडण्यामागे कारण आहे: मासिक पाळीच्या चक्रात शरीरातले पाणी कमीजास्त होते, आणि अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने तुलना केली की चक्राची साधारण तीच अवस्था दोन्हीकडे येते. ज्यांचे चक्र अनियमित आहे त्यांनी अधिक आठवडे घ्यावेत, एवढाच उपाय आहे.

महिलेच्या पहिल्या आठवड्याची सरासरी ६८.२ आणि पाचव्याची ६८.७ किलो आली. वहीतले रोजचे सरासरी खाणे १,६२० कॅलरी निघाले. अर्धा किलो वाढीच्या ३,८५० कॅलरी २८ दिवसांवर वाटल्या तर रोजच्या १३८ होतात. तितके तिने गरजेपेक्षा जास्त खाल्ले, म्हणून १,६२० मधून १३८ वजा केले की वजन स्थिर ठेवणारा आकडा १,४८० च्या सुमारास येतो. तिने नोंद आणखी चार आठवडे चालू ठेवली. नवव्या आठवड्याची सरासरी ६९.० किलो होती आणि एकूण सरासरी खाणे १,६१० कॅलरी. ०.८ किलोच्या ६,१६० कॅलरी ५६ दिवसांत विभागल्यावर ११० येतात आणि आकडा १,५०० वर स्थिरावतो. वजन घटत असते तर हाच फरक वजा न करता मिळवावा लागला असता.

सूत्र १,७८३ म्हणत होते आणि वही १,५०० म्हणते. इथे बहुतेक जण ‘माझा चयापचय मंद आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो बरोबर असेलही, पण या हिशोबातून तो निघत नाही, कारण वहीतल्या कॅलरी या खाल्लेल्या कॅलरी नसून लिहिलेल्या कॅलरी आहेत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी कमी खाऊनही वजन घटत नाही असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा ऊर्जाखर्च प्रत्यक्ष मोजला तेव्हा चयापचय अपेक्षेइतकाच निघाला. मात्र त्यांनी नोंदवलेला आहार खऱ्या आहारापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता. त्यात लबाडीच होती असे समजण्याचे कारण नाही. घरच्या स्वयंपाकात ही गळती कशी होते, ते तेलावरून पाहता येते.

एका कढईत चौघांची भाजी होते, फोडणीला पळीने अंदाजे तेल पडते आणि वहीत ‘फ्लॉवरची भाजी, एक वाटी’ असे लिहिले जाते. ॲप त्या वाटीला आपल्या यादीतल्या कुठल्यातरी भाजीच्या कॅलरी लावते, तिच्यात तेल किती धरले आहे ते कळत नाही. त्याची पडताळणी पिशवीवरून होते. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर एका लिटरचे साधारण ९२० ग्रॅम या हिशोबाने माणशी दिवसाला तीसेक ग्रॅम, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी येतात. तळून उरलेले आणि टाकून दिलेले तेल त्यातून वगळावे, पाहुण्यांचे वजा करावे, मुलांचा वाटा कमी धरावा. या महिलेचा खरा वाटा समजा तीस ग्रॅमच निघाला आणि वहीत सरासरी दहा ग्रॅमच लागले होते. वीस ग्रॅम तेल म्हणजे १८० कॅलरी. सूत्र आणि वही यांच्यातल्या सुमारे २८० च्या तफावतीपैकी १८० वहीच्या खात्यावर गेल्या. सूत्राची चूक शंभरेक कॅलरींचीच होती, आणि तिचा उलगडा ‘हलका व्यायाम’ या निवडीनेही होऊ शकतो.

असे असूनही १,५०० हा आकडा तिच्या कामाचा आहे, कारण तो तिच्या वहीच्या मापातला आहे. ज्या वहीत रोज १८० कॅलरी कमी लिहिल्या जातात, त्याच वहीत १,५०० लिहिले जाईल इतके खाल्ले तर वजन स्थिर राहील. त्रुटी दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे ती हिशोबातून निघून जाते. अट एकच, ती त्रुटी बदलता कामा नये. सहाव्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातला काटा आणून तेल मोजायला सुरुवात केली, तर खाणे तेवढेच राहून वहीतला आकडा १८० ने वाढेल आणि जुन्या-नव्या नोंदींची एकत्र सरासरी निरर्थक होईल. तेल मोजणे चांगलेच, पण मग त्या दिवसापासून हिशोब नव्याने सुरू करावा लागतो. कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात यांची गल्लतही अशीच असते: शंभर ग्रॅम तांदळाच्या सुमारे ३५० कॅलरी होतात, शंभर ग्रॅम भाताच्या मात्र १३० च्या आसपास. कधी हे, कधी ते लिहिले तर त्रुटी स्थिर राहत नाही. आणखी घातक आहेत ते न लिहिलेले दिवस. वही साधारणपणे बाहेर जेवण झालेल्या रविवारीच कोरी राहते, आणि तो दिवस सरासरीतून वगळला की आकडा गुपचूप खाली घसरतो. अशा दिवशी ढोबळ का होईना, अंदाज लिहावा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी मात्र यात मिळवू नयेत; चालण्याचा खर्च वजनातून हिशोबात आलेलाच असतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. ७,७०० चा आकडा चरबीचा आहे. गर्भारपणात, अंगावर सूज असताना, लघवी वाढवणारे औषध सुरू केल्यावर किंवा व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागल्यावर वजनातला बदल चरबीचाच असतो असे नाही, आणि हिशोब फसतो. आपल्या महिलेने आता वहीत रोज १,३०० कॅलरी लिहिल्या जातील असे खायला सुरुवात केली, तर दिवसाला २०० च्या तुटीने एक किलो चरबी उतरायला अडतीसेक दिवस लागतील. पण पहिल्या आठवड्यात काटा बहुधा या हिशोबापेक्षा बराच जास्त खाली येईल, कारण आधी ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे पाणी जाते. म्हणून पहिला आठवडा मोजणीतून सोडून द्यावा आणि दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीपासून नवा हिशोब धरावा. वजन चार किलोने उतरेल तेव्हा सूत्रानुसारच तिची गरज सुमारे ५५ कॅलरींनी कमी झालेली असेल, प्रत्यक्षात कदाचित थोडी अधिकच, आणि १,५०० चा आकडा पुन्हा पाच आठवड्यांच्या नोंदींवरून तपासावा लागेल.