संदर्भांचा माग: तळटीपांपासून स्नोबॉलिंगपर्यंत

डेटाबेसमध्ये चार शब्द टाकायचे, आलेले निबंध वाचायचे आणि काम झाले म्हणायचे. संशोधनाचा आढावा घेणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पुढे कधीतरी एखाद्या निबंधाच्या संदर्भसूचीत एक नाव भेटते, मूळ लेख काढून बघितला तर तो विषयाच्या अगदी गाभ्यातला निघतो आणि आपल्या शोधात मात्र तो कुठेच नसतो. मग त्याची संदर्भसूची चाळायची, त्याला पुढे कुणी उद्धृत केले तेही बघायचे आणि नव्याने सापडलेल्या प्रत्येक निबंधाशी तेच करायचे. याला आता स्नोबॉलिंग म्हणतात. उतारावरून घरंगळताना बर्फाचा गोळा मोठा होत जातो, तसे. हा शब्द आधी समाजशास्त्रात रुळला होता. एका माणसाला विचारून त्याच्या ओळखीची माणसे गाठायची, त्यांना विचारून पुढची, या नमुनानिवडीला तिथे तेच नाव होते. आपल्याकडे बर्फ नसला तरी 'माग काढणे' आहेच, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो.

ही रीत नावापेक्षा बरीच जुनी आहे. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळात वाचून दाखवले आणि ते पुढच्या वर्षी मंडळाच्या वार्षिकात छापून आले. शीर्षक साधे होते: वनस्पतींच्या संकरांवरील प्रयोग. आज त्या कामाला आपण ज्या शब्दांनी ओळखतो, त्यातला 'जेनेटिक्स' हा शब्द १९०५ मध्ये सुचवला गेला आणि 'जीन' १९०९ मध्ये. म्हणजे १८९० च्या दशकात या विषयाची सर्वांत हुशार सूची कुणी केली असती, तरी या शब्दाखाली हा निबंध सापडला नसता, कारण शब्दच जन्मला नव्हता.

तरीही तो सापडला, आणि सापडला तो संदर्भावरून. विल्हेल्म फॉक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये वनस्पतींच्या संकरांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात मेंडेलचा उल्लेख होता. ऑस्ट्रियाचा एरिख फॉन चेर्माक स्वतः वाटाण्याचे संकर करत होता आणि त्याला मेंडेलचा पत्ता लागला तो या ग्रंथातून. अमेरिकेच्या लिबर्टी हाइड बेली यांनी १८९२ च्या आपल्या सूचीत मेंडेलचा निबंध नोंदवला, तोही फॉकच्या ग्रंथातून उचलून, मूळ निबंध न वाचता. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द फ्रीस यांना मेंडेल या बेलींच्या सूचीतून कळला, अशी एक हकीकत आहे. तिच्यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण न वाचता उतरवलेला संदर्भसुद्धा वाट दाखवू शकतो, एवढे यातून नक्की दिसते.

इथवरची गोष्ट मागे जाणाऱ्या शोधाची झाली. हातात निबंध आहे, त्याच्या शेवटी सूची आहे, ती बघायची. उलट दिशा कठीण होती. हा निबंध छापून आल्यावर कुणी कुणी वापरला, हे त्या निबंधात कुठेच लिहिलेले नसते. त्यासाठी पुढची सगळी नियतकालिके चाळावी लागतील.

ही अडचण वकिलांनी आधी सोडवली होती. अमेरिकेतल्या वकिलाला जुना निवाडा कोर्टात दाखवताना तो पुढे कुठल्या न्यायालयाने उचलून धरला की फिरवला, हे माहीत असणे भाग असते. कायद्याची पुस्तके विकणाऱ्या फ्रँक शेपर्डने पाहिले की वकील आपापल्या निवाडासंग्रहांच्या समासात हे टिपून ठेवतात. त्याने १८७३ पासून त्याच नोंदी डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांवर छापून विकायला काढल्या. पट्टी ओली करायची आणि त्या निवाड्याशेजारी समासात चिकटवायची. पुढे पट्ट्यांची पुस्तके झाली आणि नाव पडले 'शेपर्ड्स सायटेशन्स'. या सूचीत विषयवार काही शोधायचे नसते. तुम्ही निवाड्याचा खंड आणि पान घेऊन येता आणि पुढे त्याचे काय झाले ते बघता.

विज्ञानात हे आले ते एका पत्रामुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला युजीन गारफील्ड जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय लेखनाची सूची यंत्राने कशी करता येईल, यावरच्या प्रकल्पात काम करत होते. तेव्हा शेपर्ड कंपनीचे निवृत्त उपाध्यक्ष विल्यम अडेअर यांनी पत्र लिहून त्यांचे लक्ष कायद्याच्या या सूचीकडे वेधले. गारफील्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात विज्ञानासाठीही अशी सूची असावी, असे मांडले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: विषयसूची करणारा माणूस निबंधाला आज काय नाव द्यावे ते ठरवतो, पण त्या निबंधाचा उपयोग उद्या कुणाला कुठल्या प्रश्नासाठी होईल, हे त्याला ठाऊक नसते. संदर्भ देणारा संशोधक मात्र दोन कल्पनांतले नाते स्वतःच्या गरजेतून जोडून ठेवतो. ती जोडणी तयारच असते, फक्त उलटी मांडायची.

उलटी मांडणे म्हणजे किती काम, हे पहिल्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'वरून कळते. १९६१ च्या ६१३ नियतकालिकांतले सुमारे १४ लाख संदर्भ त्यात होते आणि त्याचे पाच खंड झाले. बारीक टाइपात आधी उद्धृत लेखकाचे नाव, मग वर्ष, नियतकालिक, खंड, पान, आणि त्याखाली त्या वर्षी त्याचा संदर्भ देणाऱ्यांची रांग. १९६४ पासून ही सूची नियमित निघू लागली. १९९७ मध्ये ती 'वेब ऑफ सायन्स' म्हणून पडद्यावर आली आणि २००४ मध्ये 'स्कोपस' व 'गूगल स्कॉलर' आल्यावर पुढच्या दिशेचा शोध एका क्लिकवर आला. तिथे निबंधाच्या नावाखाली दिसणाऱ्या 'Cited by' या दोन शब्दांमागे डिंकाच्या पट्ट्यांपासूनचा हा प्रवास आहे.

साधन हाताशी आले तरी आढावा घेणाऱ्यांच्या नियमावलीत ही रीत पुरवणी म्हणूनच राहिली. आधी ठरवलेल्या शब्दांनी डेटाबेस शोधायचे, ते शब्द जाहीर करायचे म्हणजे दुसऱ्यालाही तोच शोध पुन्हा करता येतो. संदर्भसूच्या शेवटी जमल्यास. हा क्रम हलवला तो त्रिशा ग्रीनहाल आणि रिचर्ड पीकॉक यांच्या 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या २००५ च्या लेखाने. त्यांनी आरोग्यसेवेत नव्या पद्धती कशा पसरतात, यावर मोठा आढावा घेतला होता. अहवालात वापरलेले ४९५ मूळ स्रोत नेमके कुठून सापडले, याचा त्यांनी हिशेब मांडला. आधी आखलेल्या शोधातून, म्हणजे डेटाबेस आणि नियतकालिके हाताने चाळून, मिळाले ३० टक्के. स्नोबॉलिंगमधून ५१ टक्के. स्वतःच्या माहितीतून आणि ओळखीपाळखीतून २४ टक्के. काही स्रोत एकाहून अधिक वाटांनी आले, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते.

डेटाबेस इतका मागे का पडला, हे या विषयाच्या जन्मकथेतच दिसते. नवी गोष्ट समाजात कशी पसरते, याचा एक पायाभूत अभ्यास ब्रायस रायन आणि नील ग्रॉस यांनी आयोवातल्या शेतकऱ्यांवर केला आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. विषय होता मक्याचे संकरित बियाणे. पुढे १९५० च्या दशकात जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेंझेल यांनी इलिनॉयमधल्या चार गावांतले डॉक्टर नवे औषध केव्हा लिहून देऊ लागतात, ते तपासले. प्रश्न एकच, पण एक अभ्यास ग्रामीण समाजशास्त्रात आणि दुसरा वैद्यकीय समाजशास्त्रात. 'डॉक्टर' आणि 'औषध' हे शब्द टाकून मक्यापर्यंत कुणीच पोचणार नाही.

आता माग काढू. रायन आणि ग्रॉसच्या निबंधावरून पुढच्या दिशेने निघालो की १९६१ चा कॅट्झ यांचा निबंध लागतो. मका आणि औषध हे दोन अभ्यास त्यांनी तिथे शेजारी ठेवून तुलना केली आहे. त्याच निबंधाची संदर्भसूची धरून मागे गेलो की डॉक्टरांचा अभ्यास हातात येतो. एक पाऊल पुढे, एक मागे, आणि आपण शेतातून दवाखान्यात. नुसते मागे किंवा नुसते पुढे जाऊन ही उडी जमली नसती. नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक इथेच होते. ते एकच दिशा एकदा धरतात आणि थांबतात.

थांबायचे कधी, याचा काटेकोर नियम सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतून आला. क्लेस वोलिन यांनी २०१४ मध्ये पायऱ्या लिहून काढल्या. सुरुवातीचे निबंध वेगवेगळ्या लेखकांचे, वर्षांचे आणि प्रकाशकांचे घ्या. सूचीतल्या प्रत्येक नावाचे आधी शीर्षक बघा, मग निबंधात तो संदर्भ कुठल्या वाक्यात आला आहे ते, मग सारांश, आणि गरज पडल्यास पूर्ण निबंध. निवडलेल्या निबंधांवर पुन्हा दोन्ही दिशांनी फेरी मारा. एका फेरीत एकही नवा निबंध निघाला नाही की थांबा. यातली सुरुवातीच्या संचाची अट दिसायला किरकोळ आहे, पण सगळे काम तिच्यावर उभे असते. एकाच गटाचे पाच निबंध घेऊन निघालात तर गोळा त्याच गटाच्या अंगणात फिरत राहतो, फेरी लवकर कोरडी पडते आणि सगळे सापडले असा भास होतो. ओळखायची खूण अशी: तिसऱ्या फेरीतही तीच चार-पाच आडनावे येत असतील, तर विषय संपलेला नाही, ओळखीचे वर्तुळ संपले आहे.

नोंदींचे घोळ वेगळेच. मेंडेलचाच निबंध घ्या. वार्षिक १८६५ सालचे, छापून आले १८६६ मध्ये. कुणी एक वर्ष लिहितो, कुणी दुसरे, आणि यंत्राला ते दोन वेगळे निबंध वाटतात. 'Cited by' चा आकडा अशा वेळी अर्धाच असतो. त्यामुळे जुन्या निबंधाचा पुढचा माग काढताना वर्ष, खंड आणि लेखकाच्या नावाचे वेगवेगळे स्पेलिंग टाकून पाहणे भाग पडते. मराठी संशोधनाबाबत तर पुढची दिशा जवळपास बंदच आहे. मराठी नियतकालिकांतल्या तळटीपा या मोठ्या सूच्यांत क्वचितच उतरतात, त्यामुळे मागे तळटीपांवरून जाता येते, पुढे मात्र अंक हाताने चाळावे लागतात. शेपर्डच्या आधीचे वकील जे करत होते, तेच.

आणखी एक मर्यादा या रीतीच्या मुळातच आहे. संदर्भ दिला गेला असेल तरच माग निघतो. शिकागो विद्यापीठाच्या डॉन स्वॅन्सन यांनी १९८६ मध्ये दाखवले की माशाच्या तेलाचा रक्तावर होणारा परिणाम तपासणारे निबंध आणि थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्या रेनॉच्या विकाराचे निबंध एकमेकांना जवळजवळ ओळखतच नव्हते. एका बाजूला लिहिले होते की तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो. दुसऱ्या बाजूला लिहिले होते की या रुग्णांचे रक्त दाट असते. कुठूनही सुरुवात करून कितीही फेऱ्या मारल्या असत्या तरी हा गोळा पलीकडे जाणे जवळपास अशक्यच होते. दोन्हीकडच्या निबंधांत सामाईक होता तो रक्ताच्या दाटपणाचा उल्लेख, म्हणजे डेटाबेसमध्ये टाकायचा एक साधा कीवर्ड.