कमी झालेला पीसीओटू: भरपाई की दुसरा विकार?

नाशिकमध्ये एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे एबीजीचे सराव-पेपर तपासताना एक वाक्य मला वारंवार भेटते: ‘मेटॅबॉलिक अ‍ॅसिडोसिस, पार्शल रेस्पिरेटरी कॉम्पेन्सेशनसह’. वाक्याचा पहिला भाग बहुधा बरोबर असतो. दुसऱ्या भागात मात्र बायकार्बोनेट कमी आणि पीसीओटूही कमी, एवढे पाहूनच भरपाई झाल्याचे गृहीत धरलेले असते. भरपाई होत असल्याचे पीसीओटू कमी होण्यावरून समजते. पण ती पुरेशी झाली की तिच्याआड श्वसनाचा स्वतंत्र विकार उभा आहे, हे केवळ दिशेवरून ठरत नाही.

सरावासाठी मी दोन रुग्ण शेजारी ठेवतो. दोघेही दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार, दोघांचेही इन्सुलिन दोन दिवस चुकलेले, दोघांनाही डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. दोघांचे बायकार्बोनेट 10 आहे. पहिल्याचा पीएच 7.26 आणि पीसीओटू 23. दुसऱ्याचा पीएच 7.11 आणि पीसीओटू 32. दोन्ही पीसीओटू 40 पेक्षा कमी असल्यामुळे दोन्ही पेपरांत तेच वाक्य येते.

उत्तराकडे वळण्यापूर्वी आकडे एकमेकांशी जुळतात का, हे मी पाहतो, कारण आकडा उतरवताना चुकला असेल तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ जाते. 24 ला पीसीओटूने गुणून बायकार्बोनेटने भागले, की हायड्रोजन आयनांचे प्रमाण नॅनोमोलमध्ये मिळते. दुसऱ्या रुग्णात ते सुमारे 77 येते आणि पीएच 7.11 शी जुळते. पहिल्यात ते सुमारे 55 येते आणि 7.26 शी जुळते.

त्यानंतर विंटर्सचे सूत्र:

```
अपेक्षित PaCO2 = 1.5 × HCO3 + 8 (± 2)
```

बायकार्बोनेट 10 असताना अपेक्षित पीसीओटू 23, म्हणजे 21 ते 25 च्या दरम्यान असायला हवा. पहिल्या रुग्णाचा पीसीओटू नेमका तिथेच आहे. त्याची भरपाई अपेक्षेइतकी झाली आहे, आणि तिला ‘पार्शल’ म्हणणे चूक आहे, पीएच 7.35 वर पोहोचला नाही म्हणून भरपाई अपुरी ठरत नाही, कारण श्वसनाची भरपाई पीएचला सहसा पूर्ववत करतच नाही. काही विद्यार्थी इथे ‘सेकंडरी रेस्पिरेटरी अल्कलोसिस’ असे लिहितात. तेही मी खोडतो, कारण भरपाई ही शरीराची प्रतिक्रिया असते, तो विकार नव्हे.

दुसऱ्या रुग्णाचा पीसीओटू 25 च्या वर, 32 आहे. नेहमीच्या 40 शी तुलना केली तर तो कमी वाटतो, पण या रुग्णाच्या गरजेच्या मानाने तो जास्त आहे. योग्य उत्तर म्हणजे मेटॅबॉलिक अ‍ॅसिडोसिसबरोबर रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस, अर्थात मिश्र विकार. प्रश्नात ‘रुग्ण गुंगीत आहे, श्वास उथळ आहे’ असे लिहिलेले असते आणि ते वाचल्यावर आकड्याचा अर्थ लागतो: खोल, वेगवान श्वास घेण्याची ताकद संपत चालली आहे. याच्या उलट, पीसीओटू 14 असता तर तो अपेक्षेहून कमी ठरला असता आणि सोबत रेस्पिरेटरी अल्कलोसिस असल्याचे लिहावे लागले असते.

हा फरक मी गुणांपुरता ठेवत नाही, कारण त्यावर उपचार ठरतो. पहिल्यात द्रव, पोटॅशियमवर लक्ष ठेवून इन्सुलिन आणि निरीक्षण पुरेसे ठरू शकते. दुसऱ्यात श्वसनाच्या आधाराचा विचार ताबडतोब करावा लागतो. व्हेंटिलेटर लावताना श्वासांचा दर नेहमीइतकाच ठेवला आणि पीसीओटू 40 वर गेला, तर तेच बायकार्बोनेट असताना हायड्रोजन आयन 96 होतील आणि पीएच सुमारे 7.02 वर येईल. ‘कॉम्पेन्सेशन चालू आहे’ असे समजणारा डॉक्टर ही घसरण येताना ओळखू शकणार नाही.

या सूत्राच्या मर्यादाही उत्तरात आलेल्या मला आवडतात. ते मेटॅबॉलिक अ‍ॅसिडोसिससाठीच आहे. मेटॅबॉलिक अल्कलोसिसला ते लावले तर उत्तर भलतेच येते. श्वसनाची भरपाई पूर्णत्वाला पोहोचायला साधारण 12 ते 24 तास लागतात, म्हणून अ‍ॅसिडोसिस नुकताच सुरू झाला असेल तर किंचित जास्त पीसीओटू लगेच विकार ठरवू नये. दोन दिवस इन्सुलिन चुकलेल्या आपल्या रुग्णाला मात्र ही सूट लागू होत नाही. शिवाय नमुना चुकून शिरेतला असेल तर पीसीओटू काही अंकांनी जास्त दिसतो. त्यामुळे 26 किंवा 27 आले असता मी विद्यार्थ्याला ऑक्सिजनचा आकडा पाहून नमुन्याबद्दल शंका लिहायला सांगतो, आणि 32 आले असता मिश्र विकार ठामपणे लिहायला.