सात की साठ? निनादाने गिळलेली अक्षरं

माझी भाची यंदा दहावीला आहे. तिच्या शिकवणीच्या सरांनी अंकगणिती श्रेढीचा धडा फोनवर रेकॉर्ड करून पाठवला. संध्याकाळी तिचा मला फोन आला, "मामा, तूच ऐक ना. पहिलं पद सात आहे की साठ?" मी चारदा ऐकलं आणि मलाही कळेना. आवाज मोठा होता, शब्दही तुटत नव्हते, तरी सगळं टाकीत तोंड घालून बोलल्यासारखं घुमत होतं. "महागडा माइक घ्यायला सांग त्यांना," असं घरातल्यांनी लगेच सुचवलं. पण दोष माइकचा नव्हता, अंतराचा होता.

शाळेत आपण निनाद शिकतो. तोंडातून निघालेला आवाज माइकपर्यंत एकदा थेट पोचतो आणि मग भिंती, फरशी, छत यांवर आपटून शेकडो वेळा पोचत राहतो. थेट आवाज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. घुमणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. म्हणून प्रत्येक खोलीत एक अंतर असं असतं, जिथे दोन्ही समसमान होतात. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची, मोजकंच सामान असलेली खोली घ्या. तिथे आवाजाची ऊर्जा दशलक्षांशावर यायला साधारण 0.8 सेकंद लागतात असं धरलं, तर हे अंतर येतं जेमतेम 34 सेंटिमीटर! फळा दिसावा म्हणून सरांनी फोन दीड मीटरवर ठेवला होता. तिथे घुमणारा आवाज थेट आवाजाच्या जवळजवळ वीसपट होतो.

आता 'सात' हा शब्द अगदी जवळून पाहू. 'सा' म्हणून झाल्यावर जीभ दातांमागे टेकते आणि हवा अडते. सुमारे 0.08 सेकंद शांतता असते, मग जीभ सुटताना बारीकसा स्फोट होतो. 'साठ'मध्ये जीभ वर, टाळूकडे वळते आणि स्फोटाबरोबर श्वासही सुटतो. दोन शब्दांतला सगळा फरक त्या क्षणभराच्या शांततेच्या आगेमागे आहे. 0.8 सेकंदांच्या निनादात 0.08 सेकंदांनी 'आ'चं शेपूट फक्त चौथाईवर आलेलं असतं. म्हणजे जिथे शांतता हवी तिथे 'आ' अजून घुमतोय, आणि त्याच्याखाली तो नाजूक 'त' दबून जातो. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला दोन कान असतात. आवाज कुठून आला हे ओळखून मेंदू बरंचसं घुमणं बाजूला सारतो. एकाच माइकमधून सगळं एकत्र आलं की मेंदूची ही सोय जाते.

या शास्त्राचा उगमही वर्गातच झाला. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणं कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे काम आलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून तो निनाद किती कमी होतो ते मोजत बसे. मऊ आणि जाड वस्तू आवाज पितात, हे त्याने आकड्यांत मांडलं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा उपाय जो सर्रास सांगितला जातो, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पातळ पुठ्ठा बोलण्याचा आवाज फारसा पीत नाही. त्यापेक्षा दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या खूप बऱ्या.

पण गोधड्यांनाही मर्यादा आहे. त्यांनी निनादाचा काळ निम्म्यावर आणला, तरी दीड मीटरवर घुमणारा आवाज दहापट उरतोच. याउलट त्याच उघड्याबोडक्या खोलीत फोन 17 सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराहून थोड्या कमी अंतरावर आणला, तर थेट आवाज चौपट वरचढ होतो. गोंगाट काढणारी ॲप्स पंख्याची एकसुरी घरघर बरीच कमी करतात, पण निनाद हा त्याच माणसाच्या आवाजाचा बनलेला असतो, त्यामुळे तो वेगळा काढणं त्यांना फार जड जातं.

मग फळ्याचं काय करायचं? मी सरांना दोन फोन वापरायला सुचवलं. एक चित्रणासाठी लांब, दुसरा फक्त आवाजासाठी पुस्तकांच्या चळतीवर, हनुवटीच्या उंचीला. त्याची चार्जिंगच्या खाचेजवळची बारीक भोकं तोंडाकडे, पण किंचित बाजूला, कारण समोर ठेवलं की 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत थेट माइकवर आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. पाऊच काढलेला. सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग नंतर त्या टाळीवर जुळवता येतात. तीच टाळी हेडफोनवर ऐकली की खोलीही कळते. 'टप्' असा तुटक आवाज आला तर ठीक, मागे लांब शेपूट आलं तर फोन अजून लांब आहे.

दुसऱ्या खेपेला सर फळ्यावर वळले की आवाज थोडा पडत होता आणि पंखाही ऐकू येत होता. पण भाचीने वहीत पहिल्याच फटक्यात सात लिहिलं.